बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं उजवीकडे का सरकतं?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एकवीस वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. मंगळवारी रात्री नऊला तो मेसमध्ये जेवला. अकराच्या सुमारास बेंबीभोवती काहीतरी ओढल्यासारखं दुखू लागलं. नेमकं कुठे, विचारलं तर तो पोटावर तळहात गोल फिरवतो, बोट ठेवत नाही. रूममेटने ओवा दिला, मग कोमट पाण्यात हिंग. दोन वाजता एक उलटी झाली. सकाळी संडासला थोडं झालं, पण बरं वाटलं नाही. चहा समोर आला तर नकोसा झाला. बुधवारी अकराच्या आसपास मात्र चित्र बदललं. बेंबीभोवतीची ओढ कमी झाली आणि उजव्या बाजूला, खाली, एकाच जागी बोचू लागलं. आता तो बोट ठेवून जागा दाखवतो.

मंगळवारी रात्री सगळ्यांनी दोष मेसच्या भाजीला दिला, आणि तेव्हा तो देणं अगदी चूक होतं असंही नाही. पहिल्या काही तासांत हे दुखणं खरोखरच गॅससारखं, अपचनासारखं असतं. डॉक्टरांनाही तेव्हा खात्रीने सांगता येत नाही. फरक पडतो तो बुधवारी अकरा वाजता, दुखण्याने जागा बदलल्यावर. ती का बदलली हे एकदा कळलं की कधी थांबायचं आणि कधी निघायचं, हेही कळतं.

अपेंडिक्स म्हणजे नेमकं काय

लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे मोठ्या आतड्याची पिशवीसारखी सुरुवात असते. ही जागा पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येते. त्या पिशवीला खालून एक शेपटी लटकलेली असते: करंगळीपेक्षा बारीक आणि साधारण सहा ते दहा सेंटिमीटर लांब. हेच अपेंडिक्स, पाठ्यपुस्तकातलं आंत्रपुच्छ. ते प्रत्येकाला असतं. म्हणून ‘त्याला अपेंडिक्स आहे’ असं म्हणतात तेव्हा खरं म्हणायचं असतं ‘त्याच्या अपेंडिक्सला सूज आली आहे’. या सुजेला अपेंडिसायटिस म्हणतात. 1886 साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी हा शब्द रूढ केला. त्याआधी पोटाच्या उजव्या बाजूच्या अशा दुखण्याचा दोष डॉक्टर बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या पिशवीवरच टाकत.

या शेपटीची अडचण अशी की तिला एकच तोंड आहे. पेठेतला एखादा बंद बोळ आठवा, ज्यात शिरायचा आणि निघायचा रस्ता एकच. त्या तोंडाशी कोणी टेम्पो आडवा लावला की आतला माणूस अडकला. अपेंडिक्सच्या तोंडाशी हा टेम्पो बऱ्याचदा विष्ठेचा वाळून कडक झालेला खडा असतो. कधी आतल्या भिंतीतल्या प्रतिकारपेशींच्या गाठी सुजून रस्ता अडवतात, क्वचित जंत. प्रत्येक वेळी अडथळा सापडतोच असं नाही, पण सापडतो तेव्हा पुढची गोष्ट ठरलेली असते.

पेरूच्या किंवा टोमॅटोच्या बियांमुळे अपेंडिक्स होतं, ही भीती घरोघरी आहे. बी अडकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, पण इतकी विरळ की त्यापायी पेरू सोडायचं कारण नाही.

बंद नळीत काय घडतं

तोंड बंद झालं तरी नळीची आतली भिंत चिकट स्राव सोडतच राहते. नळीची पोकळी इतकी चिंचोळी आहे की अर्धा मिलिलिटर स्राव साठला तरी आतला दाब झपाट्याने चढतो. अर्धा मिलिलिटर म्हणजे औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्याचा दहावा भाग. नळी फुगते, भिंत ताणली जाते.

आता रक्ताचा हिशोब पाहा. भिंतीत रक्त आणणाऱ्या धमन्यांची भिंत जाड असते, रक्त परत नेणाऱ्या शिरांची पातळ. बाहेरून दाब आला की आधी पातळ शिरा चेपतात. म्हणजे रक्त येत राहतं पण परत जात नाही, आणि भिंत आणखी फुगते. दाब वाढतच राहिला की धमन्याही चेपतात. अपेंडिक्सला रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच असते, तिला पर्यायी रस्ता जवळजवळ नसतो. रक्त न मिळालेला भिंतीचा तुकडा मरतो, काळा पडतो. आत जिवाणूंची पैदास आधीच सुरू झालेली असते. मेलेल्या भिंतीला भोक पडायला मग वेळ लागत नाही.

सूज, पू, काळी पडलेली भिंत, भोक. आपल्या मुलाच्या पोटात बुधवारी सकाळपर्यंत या साखळीची पहिली एक-दोन कडी झाली असणार. बाहेरून ते कसं ओळखायचं, याचं उत्तर दुखण्याच्या जागेत आहे.

आधी बेंबीपाशीच का दुखतं

अपेंडिक्स उजवीकडे खाली आहे, मग दुखणं बेंबीशी का सुरू होतं? कारण आतड्यांच्या नसा पत्ता नीट सांगत नाहीत.

जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा एक आणि घंटा एक. घंटा वाजली की कोणीतरी आलंय एवढं कळतं, पण कोणत्या बिऱ्हाडाकडे ते कळत नाही. आतड्यांचं तसंच आहे. त्यांच्या नसांना कापल्याचं, भाजल्याचं फारसं कळत नाही, ताणल्याचं मात्र कळतं. आणि त्या कळवतात तेही ढोबळ: पोटाच्या मधोमध कुठेतरी ओढतंय.

मधोमध का, याचं कारण जन्माच्या आधीचं आहे. गर्भात आतडं शरीराच्या मध्यरेषेवरच तयार होतं आणि त्याला नसा दोन्ही बाजूंनी मिळतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते इतक्या वेगाने वाढतं की पोटात मावत नाही, म्हणून नाळेत बाहेर येतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा आत जातं. या जाण्यायेण्यात ते स्वतःभोवती पाऊण फेरी फिरतं. अपेंडिक्स असलेला भाग आधी वर यकृताखाली पोचतो आणि मग खाली उजव्या कोपऱ्यात उतरतो. घर बदललं, पण तार जुनीच राहिली. ती पाठीच्या कण्यात छातीच्या दहाव्या मज्जातंतूच्या पातळीला जाऊन मिळते. बेंबीभोवतीच्या कातडीची तारही तिथेच येते. मेंदूला जन्मभर त्या पातळीवरून कातडीचे निरोप येत असतात, अपेंडिक्सचा निरोप बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच येतो. साहजिकच मेंदू तो बेंबीच्या खात्यावर टाकतो.

या नसांच्या संगतीनेच मळमळ येते, भूक मरते आणि एक-दोन उलट्या होतात. यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी दुखणं, मग उलटी. बाहेरचं खाणं बाधलं असेल तर बहुतेक वेळा उलट्या-जुलाब आधी सुरू होतात आणि कळा त्यांच्या जोडीने येतात. शिवाय त्याच मेसमध्ये जेवलेले आणखी दोघं-तिघं आजारी पडलेले असतात. आपल्या मुलाची उलटी दुखणं सुरू झाल्यावर तीन तासांनी झाली, आणि त्याच ताटातलं जेवलेला रूममेट ठणठणीत होता.

मग ते उजवीकडे कसं येतं

पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात, पण आपण अस्तरच म्हणू. या अस्तराच्या नसा आतड्यांच्या नसांसारख्या नाहीत. त्या हातापायाच्या कातडीसारख्या आहेत, उजवं-डावं, वर-खाली सगळं नेमकं सांगणाऱ्या.

पहिल्या काही तासांत सूज अपेंडिक्सच्या नळीच्या आत असते, अस्तराला तिची खबर नसते. सूज आतून बाहेर सरकत नळीच्या बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत आली आणि तो पापुद्रा शेजारच्या अस्तराला लागला, की अस्तर तापतं. वाड्याच्या भाषेत सांगायचं तर, इतका वेळ दिंडीची घंटा वाजत होती, आता आग शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला लागली आणि शेजारीच ओरडतोय, ‘इथे, या भिंतीपाशी!’

म्हणजे दुखणं जागेवरून उठून चालत गेलं असं काही होत नाही. एका जातीचं दुखणं मागे पडतं आणि दुसऱ्या जातीचं सुरू होतं. बेंबीचं दुखणं ‘नळी ताणली आहे’ असं सांगतं, उजवीकडचं सांगतं ‘सूज नळीबाहेर पोचली आहे’. या बदलाला साधारणपणे काही तास ते एक दिवस लागतो. आपल्या मुलात बारा तास लागले.

कमरेच्या उजव्या बाजूचं पुढचं टोकदार हाड चाचपा आणि तिथून बेंबीपर्यंत मनात सरळ रेघ ओढा. हाडापासून त्या रेघेचा एकतृतीयांश भाग संपतो तिथे, म्हणजे दीड-दोन इंचांवर, सगळ्यात जास्त दुखतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये ही जागा वर्णन केली, म्हणून तिला मॅकबर्नीचा बिंदू म्हणतात. डॉक्टर तिथे हळूहळू दाबतात आणि हात पटकन उचलतात. उचलताना जास्त कळ आली तर अस्तर तापलेलं आहे असं समजतात, कारण दाबलेलं अस्तर झटक्यात मागे येतं. घरी कोणी हे पुन्हा पुन्हा करून बघू नये. रुग्णाचे हाल होतात, आणि अननुभवी हाताला त्यातून काही कळतही नाही.

घरी बघण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. खोकून बघा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा आणि टाचा धपकन खाली सोडा. अस्तर तापलेलं असेल तर धक्क्याने ते हलतं आणि कळ बरोबर उजवीकडे खाली उमटते. पुणेकरांसाठी एक चाचणी तर घरातून दवाखान्यात जाताना आपोआपच होते. इंग्लंडमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना विचारलं होतं, येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणं वाढलं का? अपेंडिसायटिस निघालेल्या 34 जणांपैकी 33 जण हो म्हणाले. पण यात एक मेख आहे: ज्यांना तो आजार नव्हता त्यातलेही बरेच जण हो म्हणाले. म्हणून धक्क्याने दुखलं तर अपेंडिक्सच, असं नाही. धक्क्याने अजिबात दुखलं नाही तर मात्र शक्यता कमी होते.

अस्तर तापलं की माणसाचं वागणंही बदलतं. गॅस किंवा मुतखड्याने कळवळणारा माणूस लोळतो, फेऱ्या मारतो, एका जागी टिकत नाही. अपेंडिक्सवाला हलायचं टाळतो. उजवा पाय पोटाशी घेऊन पडतो, चालताना किंचित उजवीकडे वाकतो आणि जिना एक-एक पायरी थांबून उतरतो.

दवाखान्यात बेरीज कशी करतात

मुलगा बुधवारी दुपारी साडेबाराला डॉक्टरांकडे पोचला. ताप नव्हता, थर्मामीटर 98.8 दाखवत होता. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी 14,200 आल्या, त्यात न्यूट्रोफिल 84 टक्के. अशा वेळी बरेच डॉक्टर मनातल्या मनात एक जुना हिशोब मांडतात. त्याला अल्वाराडो स्कोअर म्हणतात आणि तो 1986 पासून वापरात आहे. दुखणं सरकलं, एक गुण. भूक गेली, एक. उलटी, एक. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं, दोन. हात उचलल्यावर कळ, एक. पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर, दोन. न्यूट्रोफिल 75 टक्क्यांच्या वर, एक. तापाचा एक गुण त्याला मिळाला नाही. दहापैकी नऊ झाले. सात किंवा जास्त असतील तर अपेंडिसायटिसची शक्यता दाट धरतात, पाचच्या खाली असतील तर कमी.

ताप नाही म्हणून घरी थांबणारे खूप असतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम तापाशिवायचं घेतलं. सुरुवातीला ताप नसतो किंवा जेमतेम असतो. 102-103 ताप चढला असेल तर एकतर आजार दुसराच आहे, नाहीतर हा आजार पुढे गेला आहे.

मग सोनोग्राफी. सुजलेलं अपेंडिक्स सोनोग्राफीत सहा मिलिमीटरपेक्षा जाड दिसतं आणि वरून प्रोब दाबला तरी चेपत नाही. आतडं मऊ असतं, दाबलं की चपटं होतं. ही नळी मात्र आतून भरलेली असते.

सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टर भरती व्हा म्हणतात

रिपोर्टमधलं वाक्य नीट वाचा. ‘अपेंडिक्स दिसलं आणि नॉर्मल आहे’ हे एक, ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ हे दुसरं. आतड्यातल्या गॅसमुळे, पोटावरच्या चरबीमुळे किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडल्यामुळे ते पुष्कळदा दिसतच नाही. त्याचा अर्थ ते निरोगी आहे असा होत नाही. अशा वेळी काही तास भरती ठेवून त्याच डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासणं, रक्त पुन्हा बघणं किंवा सीटी स्कॅन करणं, हे पैसे काढण्याचे उद्योग नाहीत. सहा-आठ तासांत हा आजार आपली दिशा दाखवतो, त्यासाठीच तो वेळ असतो.

लघवीच्या रिपोर्टनेही फसगत होते. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला किंवा मूत्राशयाला टेकलं तर लघवीत थोड्या पू-पेशी दिसतात. मग ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि दोन दिवस जातात.

आमच्याकडे असं काहीच झालं नव्हतं, तरी अपेंडिक्स निघालं

निघू शकतं. दुखणं बेंबीकडून उजवीकडे येण्याची ही ठरीव गोष्ट साधारण अर्ध्या किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांतच दिसते. कारण शेपटी प्रत्येकात एकाच दिशेला लटकत नाही. ती मोठ्या आतड्याच्या मागे असली तर पुढच्या अस्तराला लागतच नाही. दुखणं कमरेत, बाजूला जाणवतं आणि मुतखड्यासारखं वाटतं. उजवा पाय मागे ताणला तर मात्र दुखतं, कारण तिथला स्नायू शेजारीच असतो. शेपटी ओटीपोटात लोंबत असेल तर गुदाशयाला आणि मूत्राशयाला टोचते. पुन्हा पुन्हा संडास-लघवीला जावंसं वाटतं, थोडी थोडी आव पडते. जुलाब आहेत म्हणून अपेंडिक्स नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

बाळंतपणाच्या वयातल्या मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत उजव्या खालच्या दुखण्याला आणखी दोन-तीन कारणं असतात. बीजाशयाला पीळ पडणं आणि गर्भ नळीत राहणं, ही दोन्ही अपेंडिक्सइतकीच तातडीची आहेत. म्हणून पाळी कधी आली होती ते डॉक्टर विचारतात आणि लघवीतून गर्भाची तपासणी करायला सांगतात. यावर घरच्यांनी मान वाकडी करू नये. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तसं अपेंडिक्स वर ढकललं जाऊ शकतं, मग दुखण्याची जागाही वर जाते.

सगळ्यात जास्त चुकामूक होते ती पाच वर्षांखालच्या मुलांत आणि म्हाताऱ्या माणसांत. लहान मूल ‘पोट दुखतं’ यापलीकडे सांगू शकत नाही, आणि त्याच्या अपेंडिक्सची भिंत पातळ असते. निदान होईपर्यंत भोक पडलेलं असण्याचं प्रमाण या वयात मोठं आहे. आजी-आजोबांत दुखणंच सौम्य असतं, तापही धड येत नाही. दोन दिवस जेवत नाहीत, पोट थोडं दुखतंय म्हणतात, एवढंच. मधुमेह असेल तर लक्षणं आणखी झाकली जातात.

थांबलं तर किती धोका

घड्याळ दवाखान्यात पोचल्यापासून धरायचं नाही, दुखणं सुरू झालं तेव्हापासून धरायचं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात असं दिसलं की उपचाराविना पहिल्या 36 तासांत अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास किंवा त्याखाली राहतं. त्यानंतरच्या दर बारा तासांना ते साधारण पाच टक्के असतं. आपल्या मुलाला हे लावून बघा. मंगळवारी रात्री अकराला दुखणं सुरू झालं, म्हणजे 36 तास गुरुवारी सकाळी अकराला संपतात. बुधवारी दुपारी आलेला मुलगा चौदाव्या तासाला आला. दुर्बिणीतून ऑपरेशन, तीन छोटी छिद्रं, आणि बहुधा एक-दोन दिवसांत घरी.

आता तोच मुलगा परीक्षा तोंडावर आहे म्हणून मेडिकलमधून पेनकिलर घेऊन रूमवर पडून राहिला असं समजा. गुरुवारी संध्याकाळी दुखणं एकदम हलकं झालं. तो खूश, रूममेटही खूश. नळी ताणल्याने जी ओढ होती ती नळीला भोक पडून दाब सुटल्याने गेली, हे दोघांनाही माहीत नाही. टाकी ओव्हरफ्लो व्हायची थांबली, पण ती खालून फुटल्यामुळे. काही तासांत पू आणि विष्ठेतले जिवाणू पोटात पसरतात. सगळं पोट दुखू लागतं, फळीसारखं कडक होतं, नाडी धावते, ताप चढतो, पोट फुगतं. पहाटे तीनला ससूनच्या किंवा दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याला न्यावं लागतं तेव्हा प्रश्न फक्त अपेंडिक्सचा उरलेला नसतो. पोट धुवावं लागतं, नळ्या ठेवाव्या लागतात, शिरेतून प्रतिजैविकं दिवसेंदिवस चालतात. जखमेत पू होतो, नंतर आतडी चिकटून अडथळा होण्याची शक्यता राहते, आणि जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून उपचाराशिवाय अचानक पळालेलं दुखणं हे चांगलं लक्षण धरू नका. त्यातही आधी नेमकं उजवीकडे दुखत होतं आणि मग थांबलं, असं असेल तर मुळीच नाही.

फुटण्याऐवजी कधी तिसरीच गोष्ट होते. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. तो सुजलेल्या अपेंडिक्सभोवती गुंडाळला जातो, शेजारची आतडी चिकटतात आणि तीन-चार दिवसांत उजवीकडे हाताला गोळा लागतो. शरीराने आग कोंडून ठेवलेली असते. या टप्प्यावर सगळं ओल्या कागदासारखं फाटायला आलेलं असतं, सोडवायला गेलं तर आतडंच फाटायची भीती. म्हणून सर्जन बऱ्याचदा लगेच अपेंडिक्स काढत नाहीत, औषधं देतात आणि पू झाला असेल तर बाहेर काढतात. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचं 1902 मध्ये हेच झालं. राज्याभिषेक 26 जूनला ठरला होता आणि तो होण्याचा हट्ट राजाने दुखत असतानाही धरला होता. 24 जूनला त्याच्या पोटातला पू काढावा लागला, अपेंडिक्स तसंच ठेवलं, आणि राज्याभिषेक 9 ऑगस्टला झाला.

ऑपरेशनशिवाय गोळ्यांनी बरं होत नाही का

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर पूर्वीसारखं सरळ ‘नाही’ असं राहिलेलं नाही. सीटी स्कॅनवर नुसती सूज दिसली, भोक नाही, पू नाही, तर प्रतिजैविकांनी बऱ्याच जणांचं त्या वेळचं ऑपरेशन टळतं. 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रतिजैविकं घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे 29 जणांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. ज्यांच्या अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा होता त्यांच्यात हा आकडा 41 होता. फिनलंडमधल्या दुसऱ्या चाचणीत पाच वर्षांत शंभरांपैकी 39 जणांना तोच आजार परत झाला. हा हिशोब समजून कोणी औषधांचा रस्ता निवडला तर त्यात गैर नाही. खडा दिसत असेल तर मात्र हा रस्ता कच्चा आहे.

पण हे उपचार स्कॅन करून, भरती ठेवून, सुरुवातीला शिरेतून औषध देऊन केलेले असतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या म्हणजे हे उपचार नव्हेत. त्या सूज अर्धवट दाबतात आणि लक्षणं धूसर करतात. आजार आत चालूच राहतो.

डॉक्टर म्हणतात सकाळी करू, मग घाई कसली

हे ऐकून नातेवाईक चिडतात: आम्हाला रात्री पळवलं आणि आता स्वतः थांबतात! पण घरी थांबणं आणि रुग्णालयात थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2023 साली फिनलंड आणि नॉर्वेतल्या चाचणीत साध्या वाटणाऱ्या अपेंडिसायटिसचं ऑपरेशन आठ तासांत आणि चोवीस तासांत करून पाहिलं. फुटण्याचं प्रमाण 8 आणि 9 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच निघालं. रुग्ण उपाशी आहे, सलाईन आणि प्रतिजैविक सुरू आहे, नाडी-ताप कोणीतरी बघतंय, बिघडलं तर थिएटर खाली आहे. रात्री दोनला दमलेल्या टीमपेक्षा सकाळी सातला ताजी टीम बरी, हा हिशोब तिथे बसतो. रूमवर पेनकिलर घेऊन पडलेल्या मुलाला यातलं काहीच नसतं.

निघायच्या आधी घरात काय करू नये

दुखणं उजवीकडे सरकून स्थिर झालं, खोकल्यावर तिथे कळ आली आणि भूक मेली, एवढं जुळलं तर रात्र आहे की सुट्टीचा दिवस, हे बघत बसू नका. शंका आल्यापासून खायला काही देऊ नका. तहान फार लागली तर पाण्याचा एखादा घोट पुरे. ऑपरेशन लागलंच तर भूल देताना पोट रिकामं हवं, नाहीतर भरलेलं पोट आणखी काही तास थांबवतं. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या आणि एनिमा यांना हातही लावू नका. आतडं जोरात आवळलं की ताणलेल्या नळीवरचा दाब वाढतो. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटल्याचा भास होतो आणि त्यात तास जातात.

पेनकिलर घेतली तर डॉक्टरांना कळणार नाही, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. रुग्णालयात तपासून झाल्यावर वेदनाशामक देतात आणि त्याने निदान चुकत नाही. धोका गोळीने बरं वाटलं म्हणून घरीच राहण्यात आहे. घेतली असेल तर गोळीचं नाव आणि वेळ सांगून टाका.

दुचाकीवर मागे बसवून खड्ड्यांतून नेऊ नका, रिक्षा किंवा गाडी बघा. चालता येत नसेल, पोट कडक झालं असेल किंवा घाम फुटून गार पडत असेल तर 108 ला फोन करा. जाताना एका कागदावर चार वेळा लिहा: दुखणं कधी सुरू झालं, कधी सरकलं, उलटी कधी झाली, शेवटचं कधी खाल्लं. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांचे पहिले प्रश्न हेच असतात, आणि पहाटे तीन वाजता तीन माणसं तीन उत्तरं देतात.